‘ही’ काढायचा, पण वाक्य मोडायचं नाही

गेल्या वर्षी एका कंपनीच्या एचआर विभागाकडून माझ्याकडे आठ पानांची पॉलिसी तपासायला आली. ओळखपत्र, हजेरी, लॅपटॉप, तक्रार कुणाकडे करायची, असं सगळं त्यात होतं. सोबतच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘मॅडम, जेंडर-न्यूट्रल आम्ही केलेलंच आहे, फक्त एकदा नजर टाका.’ नजर टाकली, तर पहिल्याच पानावर हे वाक्य:

‘इफ अ‍ॅन एम्प्लॉयी लूजेस हिज/हर कार्ड, ही/शी मस्ट इन्फॉर्म हिज/हर मॅनेजर इन रायटिंग बिफोर ही/शी कॅन अप्लाय फॉर अ न्यू वन.’

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहिते आहे ती मुद्दाम. इंग्रजी अक्षरांवरून डोळा सवयीने घसरत जातो आणि खडे लागत नाहीत. देवनागरीत वाचताना आपण मनातल्या मनात उच्चार करतो. वरचं वाक्य मोठ्याने वाचून बघा. चार ठिकाणी जीभ अडखळते. कार्ड हरवलं तर काय करायचं, एवढीच साधी गोष्ट सांगायची आहे, पण वाचणाऱ्याचं सगळं लक्ष तिरप्या रेघांवर जातं. (एक अडचण आहे: देवनागरीत आला की इंग्रजीतला ‘ही’ मराठी वाचकाला बाई वाटतो. म्हणून तो सगळीकडे अवतरणात ठेवला आहे.)

हे वाक्य कसं तयार झालं ते उघड आहे. मूळ मसुद्यात सगळीकडे ‘ही’ आणि ‘हिज’ होतं. कुणीतरी सांगितलं की हे आता चालत नाही. मग कुणीतरी प्रत्येक ‘ही’ला ‘शी’ची जोड दिली. म्हणजे शब्द बदलले, वाक्याला हात लावलाच नाही. माझ्या मते सगळी गडबड इथेच होते. सर्वनाम हा वाक्याचा सुटा भाग नसतो, तो वाक्याच्या बांधणीतून आलेला असतो. बांधणी बदलली की बहुतेक वेळा सर्वनामाची गरजच उरत नाही.

दुरुस्ती करू. ‘इफ अ‍ॅन एम्प्लॉयी…’ अशी सुरुवात केली की पुढच्या अर्ध्या वाक्यात त्या एम्प्लॉयीला पुन्हा हाक मारावी लागते, म्हणून ‘ही’ येतो. त्याऐवजी ‘अ‍ॅन एम्प्लॉयी हू लूजेस…’ असं ‘हू’ने जोडलं की दोन वाक्यांचं एक होतं आणि एक सर्वनाम गेलं. ‘बिफोर ही/शी कॅन अप्लाय’ याचं ‘बिफोर अप्लायिंग’ केलं, दुसरं गेलं. ‘हिज/हर कार्ड’चं ‘अ‍ॅन आयडी कार्ड’ झालं. आणि ‘हिज/हर मॅनेजर’? कंपनीत ज्याला ‘रिपोर्टिंग मॅनेजर’ म्हणतात तोच शब्द घातला, कारण एरवी ‘मॅनेजर’ म्हणजे नक्की कुठला, हा प्रश्न होताच. आता वाक्य असं:

‘अ‍ॅन एम्प्लॉयी हू लूजेस अ‍ॅन आयडी कार्ड मस्ट इन्फॉर्म द रिपोर्टिंग मॅनेजर इन रायटिंग बिफोर अप्लायिंग फॉर अ न्यू वन.’

लिंग दाखवणारं सर्वनाम एकही नाही. वाक्य आधीपेक्षा आखूड आहे. आणि हे ‘न्यूट्रल’ केलेलं आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. चांगल्या दुरुस्तीची खूण हीच. दुरुस्ती दिसली, तर ती अजून पुरी झालेली नाही.

मुळात इतका ‘ही’ आला कुठून? कायद्याच्या इंग्रजीतून. ब्रिटनमध्ये 1850 साली एका कायद्याने ठरवलं की कायद्यांत पुल्लिंगी शब्द आला तर त्यात स्त्रियाही धरायच्या. आपल्याकडे 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 मध्ये तेच आहे. तो नियम केंद्रीय कायद्यांसाठी आहे, कंपनीच्या मॅन्युअलसाठी नाही. पण मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी तोच उतारा उचलून आपल्या ‘डेफिनिशन्स’च्या पानावर चिकटवला आणि पुढची साठ पानं बिनघोर ‘ही’ लिहीत सुटले. ब्रिटनच्या सरकारने 2007 मध्ये नव्या विधेयकांची भाषा शक्य तिथे लिंगनिरपेक्ष ठेवायचं ठरवलं. आपल्या कायद्यांची भाषाही हळूहळू बदलते आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘वर्कमन’ होता, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ‘वर्कर’ आहे. कंपनी कायदा मात्र मजेशीर आहे. 2013 च्या त्या एकाच कायद्यात कलम 104 मध्ये सभेचा ‘चेअरमन’ निवडतात आणि कलम 203 मध्ये कंपनीचा ‘चेअरपर्सन’ असतो.

‘पुल्लिंगात स्त्रीलिंग आलंच’ हे एक वाक्य घालून काम भागत असेल तर उठाठेव कशाला, असं मला एका एचआर मॅनेजरने विचारलं होतं. मी त्यांना त्यांचंच मॅन्युअल दाखवलं. सुपरवायझर, इंजिनियर, प्लांट हेड यांच्या परिच्छेदात ‘ही’ होता. रिसेप्शनिस्ट आणि नर्सच्या परिच्छेदात मात्र ‘शी’. ‘ही’मध्ये सगळे येतात असं लिहिणाऱ्याला खरंच वाटत असतं, तर रिसेप्शनिस्टलाही ‘ही’ म्हणून चाललं असतं. कुठल्याही मॅन्युअलची ही तपासणी दहा मिनिटांत होते: कुठल्या पदाला कुठलं सर्वनाम आहे ते फक्त ओळीने पाहत जायचं.

आणि ‘ही/शी’ लिहिलं तरी सगळे आले असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींना ‘थर्ड जेंडर’ म्हणून मान्यता दिली. 2019 च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला बंदी केली. म्हणजे इतकी जीभ अडखळवूनही ती तिरपी रेघ काम अर्धवटच करते.

आता ‘दे’कडे येऊ. एका माणसासाठी ‘दे’ वापरणं म्हणजे व्याकरणाचा खून, असं शाळेत शिकलेली आपली पिढी मानते. इंग्रजीत मात्र ही रीत चौदाव्या शतकापासून सापडते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखननियमावली संशोधनलेखनात बरीच चालते. तिच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीने एकवचनी ‘दे’ला सरळ मान्यता दिली. आणि मराठी माणसाने तर यावर मुळीच दचकायला नको. ‘साहेब आले’ म्हणताना साहेब एकच असतात, क्रियापद अनेकवचनी. ‘त्यांनी सही केली’ या वाक्यात सही करणारी व्यक्ती एक की अनेक, पुरुष की स्त्री, काहीच कळत नाही, आणि आपलं कधी अडतही नाही. आदरासाठी आपण जे अनेकवचन रोज वापरतो, तीच वाट इंग्रजीने दुसऱ्या कारणासाठी धरली. त्यामुळे ‘दे’ कधी नैसर्गिक वाटतो याची एक घरगुती चाचणी मी वापरते. ते वाक्य मनात मराठीत म्हणते. ‘त्यांनी’ घातल्यावर कोण ते कळत असेल, तर इंग्रजीतही ‘दे’ चालेल. ‘त्यांनी म्हणजे कुणी?’ असा प्रश्न पडला, तर इंग्रजीतही तोच पडणार.

उदाहरणार्थ, ‘एव्हरीवन मस्ट वेअर देअर बॅज’ यात कसलाच घोळ नाही. एव्हरीवन, एनीवन, ‘द कॅन्डिडेट’ अशी नेमकी माहीत नसलेली एकच व्यक्ती वाक्यात असली की ‘दे’ मुकाट्याने बसतो. क्रियापद मात्र ‘आर’ आणि ‘हॅव’. ‘दे इज’ होत नाही, जसं आपण ‘साहेब आला’ म्हणत नाही. आणि एखाद्या सहकाऱ्याने स्वतःसाठी ‘दे’ सांगितलेलं असेल, तर तिथे पर्याय शोधत बसायचं नसतं. तिथे तेच वापरायचं.

घोळ होतो वाक्यात दोन माणसं आली की. त्याच पॉलिसीतलं तक्रारीचं कलम बघा. जुन्या मसुद्यात होतं:

‘व्हेन अ‍ॅन एम्प्लॉयी कम्प्लेन्स अगेन्स्ट हिज मॅनेजर, ही शॅल नॉट बी ट्रान्स्फर्ड विदाउट हिज कन्सेंट.’

कुणीतरी सगळीकडे ‘दे’ आणि ‘देअर’ करून ठेवलं होतं: ‘दे शॅल नॉट बी ट्रान्स्फर्ड विदाउट देअर कन्सेंट.’ आता बदली कुणाची करायची नाही? तक्रार करणाऱ्याची? मॅनेजरची? की दोघांचीही, दोघांच्या संमतीशिवाय? हा तिसरा अर्थ ‘दे’ने नव्याने आणला. पण नीट पाहिलं तर पहिले दोन अर्थ जुन्या वाक्यातही होतेच. ‘ही’ कोण, हे तिथेही स्पष्ट नव्हतं. वर्षानुवर्षं सगळे आपापल्या समजुतीने वाचत होते, इतकंच. या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. लिंगाचा शब्द काढायला म्हणून जावं आणि जुनं भगदाड सापडावं.

अशा वेळी संपादकाने स्वतः अंदाज करायचा नसतो. मी समासात प्रश्न लिहिला: ‘बदलीपासून संरक्षण कुणाला?’ उत्तर आलं: ‘अर्थात तक्रार करणाऱ्याला!’ ते ‘अर्थात’ वाक्यात कुठेच नव्हतं. मग वाक्य झालं:

‘अ‍ॅन एम्प्लॉयी हू कम्प्लेन्स अगेन्स्ट अ मॅनेजर शॅल नॉट बी ट्रान्स्फर्ड अनलेस द एम्प्लॉयी कन्सेंट्स इन रायटिंग.’

(‘लेखी’ ही भर त्यांचीच, माझी नव्हे. विचारल्यावर ती सुचली.) ‘एम्प्लॉयी’ शब्द दोनदा आला. येऊ दे. एकाच वाक्यात शब्द पुन्हा आला की बाई लाल पेनने गोल करायच्या, ती शिस्त निबंधाची होती. नियम सांगणाऱ्या वाक्यात नाम पुन्हा येणं हा दोष नाही. तिसऱ्यांदा आलं तर मात्र थांबून वाक्याचे दोन तुकडे करते.

अनेकवचन हा दुसरा लोकप्रिय उपाय. ‘अ‍ॅन एम्प्लॉयी… हिज’ याचं ‘एम्प्लॉयीज… देअर’ केलं की प्रश्न सुटतो, आणि बहुतेक वेळा खरंच सुटतो. ‘एम्प्लॉयीज हू रिझाइन मस्ट रिटर्न देअर लॅपटॉप्स’ छान आहे. पण जिथे वाक्यात आकडा आहे तिथे सावध राहायचं. मूळ वाक्य होतं, ‘ईच एम्प्लॉयी मे ब्रिंग टू गेस्ट्स टू हिज फेअरवेल लंच.’ त्याचं कुणी ‘एम्प्लॉयीज मे ब्रिंग टू गेस्ट्स’ केलं, तर दोन पाहुणे प्रत्येकी की सगळ्यांचे मिळून? जेवणापुरतं हसण्यावारी नेता येईल, पण हीच चूक प्रवासभत्त्याच्या किंवा विम्याच्या कलमात झाली तर पैशांचा वाद होतो. आकडा असेल तर ‘ईच’ किंवा ‘अ‍ॅन एम्प्लॉयी’ तसाच ठेवायचा आणि ‘हिज’चं काय करायचं ते दुसऱ्या मार्गाने बघायचं. इथे तर ‘द फेअरवेल लंच’ केलं की झालं.

तिसरा मार्ग फसवा आहे, आणि सरकारी वळणाचं इंग्रजी लिहिणाऱ्यांना तो फार प्रिय असतो: कर्मणी प्रयोग. ‘ही शॅल रिपोर्ट द डॅमेज विदिन 24 अवर्स’ याचं ‘द डॅमेज शॅल बी रिपोर्टेड विदिन 24 अवर्स’ करायचं. ‘ही’ गेला, वाक्य गुळगुळीत झालं, आणि जबाबदारी हवेत विरली. मशीनचं नुकसान कळवायचं कुणी? ऑपरेटरने, शिफ्ट इन्चार्जने, की मेंटेनन्सने? चोवीस तास उलटून गेल्यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तिघांचंही म्हणणं वाक्याला धरून असेल. वाक्यात कर्ता कोण हे ज्यावर अवलंबून आहे, तिथे ‘द मशीन ऑपरेटर शॅल रिपोर्ट’ असं पदाचं नाव घालावं. कर्ता कोण याला महत्त्व नसेल, उदाहरणार्थ ‘द गेट इज क्लोज्ड अ‍ॅट टेन’, तिथे कर्मणीने काही बिघडत नाही.

चौथा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा: थेट ‘यू’. ‘द एम्प्लॉयी शॅल सबमिट हिज बिल्स’ऐवजी ‘सबमिट युअर बिल्स बाय द फिफ्थ’. सूचनापत्रक, नव्या माणसाला द्यायची माहिती, फॉर्म भरायच्या सूचना, इथे हेच उत्तम. करारपत्र आणि शिस्तीच्या नियमांत मात्र जपून, कारण तिथे ‘यू’ म्हणजे वाचणारा की सही करणारा, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय नियमांच्या यादीत प्रत्येक ओळ ‘यू मस्ट’ने सुरू झाली की ती दमदाटी वाटायला लागते.

हे सगळं हाताने करायचं म्हटलं की कुणाला तरी फाइंड-अँड-रिप्लेसची आठवण येते. शोधायला जरूर वापरा, बदलायला वापरू नका. ‘ही’ची दोन अक्षरं इंग्रजीत भलत्या ठिकाणी लपलेली असतात. पूर्ण शब्दाची अट न घालता सगळीकडे बदल केला, की `the` चा `tthey` होतो आणि `she` चा `sthey`. ‘मॅन’च्या जागी ‘पर्सन’ केलं की `management` चं `personagement` होतं. वर्डमध्ये शोधताना ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’वर खूण करा. किंवा ‘यूज वाइल्डकार्ड्स’ लावून हे टाइप करा:

```
<[Hh]e>
<[Hh]is>
```

टोकदार कंस म्हणजे शब्दाची सुरुवात आणि शेवट. चौकटी कंसात लहान-मोठं अक्षर दोन्ही दिलं आहे, कारण वाइल्डकार्ड लावल्यावर वर्ड लहान-मोठ्यात फरक करतो. याच पद्धतीने `her`, `him`, `man`, `lady`, `girl`, `Sir`, `wife` शोधते आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचते. आठ पानांना साधारण एक तास लागतो.

पदनामांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे पर्याय रुळलेले आहेत. ‘सेल्समन’चा ‘सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह’, ‘मॅनपॉवर’चा ‘स्टाफ’ किंवा ‘वर्कफोर्स’, ‘मॅन-अवर्स’चे नुसते ‘अवर्स’, ‘लेडी डॉक्टर’ची ‘डॉक्टर’. क्रिकेटच्या नियमांतसुद्धा 2021 पासून ‘बॅट्समन’ नाही, ‘बॅटर’ आहे. दोनच चुका वारंवार दिसतात. एक, पुरुष असला की ‘चेअरमन’ आणि बाई आली की ‘चेअरपर्सन’. हे जुन्यापेक्षा वाईट, कारण आता न्यूट्रल शब्दच बायकांचा झाला. एक शब्द निवडा आणि सगळ्यांना तोच लावा. दुसरी चूक म्हणजे अधिकृत नाव बदलणं. राज्यघटनेत लोकसेवा आयोगाचा ‘चेअरमन’ आहे, तर त्या पदाचा उल्लेख करताना तोच शब्द. स्थायी आदेशांत हुद्दा ‘फोरमन’ असेल, तर आदेश बदलेपर्यंत पगारपत्रकात ‘फोरमन’च राहणार. तांत्रिक शब्दांच्या वाटेलाही फार जाऊ नये. अमेरिकेत बर्कली शहराने 2019 मध्ये ‘मॅनहोल’चं ‘मेंटेनन्स होल’ केलं. आपल्याकडे 2023 च्या अर्थसंकल्पात ‘मॅनहोल टू मशीन-होल’ म्हटलं गेलं, पण ते गटारात माणूस उतरू नये म्हणून, म्हणजे अगदी वेगळ्या आणि जास्त निकडीच्या कारणासाठी. योगायोग असा की तिन्ही शब्दांची आद्याक्षरं एकच, त्यामुळे नकाशावरचं `MH` कुणालाच खोडावं लागत नाही.

काही ठिकाणी लिंगाचा शब्द काढणं ही सरळ चूक असते. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यात ‘अग्रीव्ह्ड वुमन’ असा शब्द आहे. अंतर्गत समितीची पीठासीन अधिकारी वरिष्ठ पदावरची महिलाच हवी, आणि समितीत निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, असं तो सांगतो. उत्साहाच्या भरात कुणी ‘द प्रिसायडिंग ऑफिसर शॅल बी अ सीनियर पर्सन’ केलं, तर पॉलिसी कायद्याच्या विरुद्ध गेली. कंपनीला पुरुषांच्या आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही घ्यायच्या असतील, तर त्या जरूर घ्याव्यात, पण ते वेगळ्या परिच्छेदात, ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असं म्हणून लिहावं. ‘कायद्यानुसार’ म्हणून ‘अग्रीव्ह्ड पर्सन’ लिहिलं की ते विधानच खोटं ठरतं. प्रसूती रजेचं तसंच. कायदा 26 आठवडे देतो ते स्त्रीला. वडिलांची रजा कंपनी देत असेल तर तिचे दिवस वेगळे आणि तिचं कलमही वेगळं. दोन्हींचं मिळून ‘पेरेंटल लीव्ह’ असं गोंडस शीर्षक दिलं आणि आत आकडे नीट वेगळे केले नाहीत, की पगार विभागात फोन वाजायला लागतात.

आता सुराबद्दल. लिंगनिरपेक्ष शब्द वापरूनही वाक्य अपमानकारक असू शकतं. एका ऑफिसच्या नोटीस बोर्डावरचा कागद मला तपासायला आला होता: ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट लेडी स्टाफ आर वेस्टिंग टाइम इन द पँट्री. दे आर हिअरबाय वॉर्न्ड.’ लिहिणाऱ्याने ‘लेडी स्टाफ’चं ‘सम स्टाफ’ करून पाठवलं आणि विचारलं, आता ठीक ना? आता तर प्रत्येकाला वाटणार की बोट आपल्याकडेच आहे. मी विचारलं, अडचण नेमकी काय आहे? तर दुपारी अडीचला ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि तेव्हा जागेवर कुणी नसतं. हे कारण नोटिशीत कुठेच नव्हतं. शेवटी कागद असा लागला:

‘कस्टमर कॉल्स रिझ्यूम अ‍ॅट 2:30. प्लीज बी बॅक अ‍ॅट युअर डेस्क बाय देन.’

इतकंच. निरीक्षण गेलं, आरोप गेला, ताकीद गेली. राहिली ती वेळ आणि तिचं कारण. आदराचा सूर म्हणजे गोड शब्दांची पेरणी, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. म्हणून ‘काइंडली’, ‘रिस्पेक्टेड’, ‘हम्बल रिक्वेस्ट’ यांचा मारा होतो आणि शेवटी ‘डू द नीडफुल’. नीडफुल म्हणजे काय, ते वाचणाऱ्याने ताडायचं. खरं तर समोरच्याला काय करायचं आहे ते स्पष्ट सांगणं आणि त्याच्या हेतूबद्दल आपण निकाल न देणं, एवढ्याने सूर आपोआप सुधारतो. ‘यू हॅव फेल्ड टू सबमिट’मध्ये निकाल आहे. ‘वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड युअर फॉर्म’मध्ये फक्त वस्तुस्थिती. आणि फॉर्म टपालात अडकला असेल तर दुसऱ्या वाक्याबद्दल नंतर माफीही मागावी लागत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. वाक्य इतकं मऊ केलं जातं की मुदतच विरघळते. ‘इट वुड बी ग्रेट इफ यू कुड पॉसिब्ली शेअर’ अशा मेलला कुणीही पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ‘प्लीज सेंड द फॉर्म बाय फ्रायडे, 14th, पेरोल क्लोजेस दॅट इव्हिनिंग’ हे जास्त सभ्य आहे, कारण उशीर झाला तर काय होईल ते आधीच सांगितलं आहे.

कारणे दाखवा नोटिशीत तर सुराचा संबंध थेट न्यायाशी येतो. ‘यू कमिटेड मिसकंडक्ट’ असं लिहिलं म्हणजे चौकशी व्हायच्या आधीच निकाल दिला. तिथे ‘इट इज अलेज्ड दॅट ऑन 12 मार्च…’ असं तारीख, वेळ, ठिकाण देऊन लिहायचं. आरोप सौम्य करायचा नाही, तो नेमका करायचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर देता यावं यासाठी तपशील लागतो, आणि त्या कागदावर त्याचा आदर तेवढाच.

ती आठ पानं मी परत पाठवली तेव्हा त्यात तिरपी रेघ एकही नव्हती. ‘दे’ आणि ‘देअर’ मोजून पाच ठिकाणी होते. ‘वुमन’ मात्र दोन ठिकाणी तसाच ठेवला होता, प्रसूती रजेत आणि समितीच्या रचनेत. दोन्हीकडे समासात इंग्रजीत एक टीप टाकली: हा शब्द कायद्यातला आहे, बदलू नये. मेलमध्ये मी तीच टीप फाइलमध्ये कायम ठेवायला सांगितलं. पुढच्या वर्षी हीच फाइल नव्या एचआर एक्झिक्युटिव्हच्या हातात जाईल, आणि त्यांनाही कुणीतरी सांगेल की एकदा जेंडर-न्यूट्रल करून टाका.